लाडाची हाक मराठीत आणताना: इंग्रजी कथेतील जिव्हाळ्याच्या संबोधनांचा अनुवाद कसा करावा

इंग्रजी कथेतला नवरा बायकोला ‘डार्लिंग’ म्हणतो आणि मराठी अनुवादात तोच नवरा तिला ‘प्रिये’ म्हणू लागतो, तेव्हा स्वयंपाकघरात बसून चहा पिणारी दोन माणसे एकदम संगीत नाटकाच्या रंगमंचावर जाऊन उभी राहतात. ‘माझ्या प्रिय’ असे लिहिले तर पत्राचा मायना वाटतो. ‘लाडके’ हा शब्द एके काळी चालून जात असे, पण 2024 मध्ये राज्यात ‘लाडकी बहीण’ योजना आल्यापासून तो वाचताना आधी सरकारी जाहिरात आठवते. ‘डार्लिंग’ तसेच ठेवले, तर मराठी वाचकाला त्यात श्रीमंती, नखरा किंवा जुन्या हिंदी चित्रपटातील क्लबचा वास येतो, जो मूळ इंग्रजी वाक्यात मुळीच नसतो. शब्दकोशात पुढचा पर्याय शोधूनही ही अडचण सुटत नाही, कारण अडचण त्या एका शब्दात नाहीच.

इंग्रजीत माया बहुधा एका नामात असते आणि ते नाम वाक्याच्या शेवटी किंवा सुरुवातीला जोडलेले असते. मराठीत ती माया वाक्यभर पसरलेली असते. ‘अगं’, ‘अरे’, ‘अहो’ यांपैकी काय निवडले, ‘तू’ म्हटले की ‘तुम्ही’, क्रियापदामागे ‘ना’, ‘रे’, ‘गं’, ‘बघ’ यांतले काय आले, नाव पूर्ण घेतले की तोडून घेतले, या सगळ्यांतून नाते कळते. त्यामुळे नामाच्या जागी नाम बसवणे हे अनुवादकाचे काम नव्हे. मूळ शब्दाने त्या वाक्यात जे काम केले, ते मराठी वाक्याच्या कोणत्या भागाकडे सोपवायचे, हे त्याला ठरवायचे असते. पुढील पद्धत इंग्रजीतून मराठीत कथा किंवा नाटकातील संवाद आणणाऱ्यांसाठी आहे, आणि ती ज्या क्रमाने दिली आहे त्याच क्रमाने वापरावी, कारण पुढचा निर्णय मागच्या निर्णयावर उभा राहतो.

आधी संबोधनांची वही करावी

अनुवादाची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी संपूर्ण मजकूर एकदा केवळ हाकांसाठी वाचावा. प्रत्येक जोडीसाठी वहीचे एक पान ठेवावे आणि त्यावर कोण कोणाला, कोणत्या पानावर, काय म्हणून हाक मारतो आणि त्या क्षणी त्याच्या मनात काय चालले आहे, हे थोडक्यात टिपावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि बरेच अनुवादक ते टाळतात. मात्र ते टाळले की पान बारावरची ‘राणी’ पान चाळीसवर ‘सोने’ होते आणि पान नव्वदवर ‘डार्लिंग’ होऊन परत येते, आणि मूळ लेखकाने एकच शब्द मुद्दाम धरून ठेवला होता ही गोष्ट वाचकापर्यंत पोहोचतच नाही.

वही भरली की एक गोष्ट चटकन दिसते. इंग्रजी जोडपी या शब्दांचा वापर फार सढळ हाताने करतात, आणि त्यातील बहुतेक वापर केवळ सवयीचे असतात. ‘हनी, मीठ दे’ यातील ‘हनी’ ही प्रेमाची घोषणा नसून विनंतीची धार बोथट करणारी गोष्ट आहे. अशा प्रत्येक नोंदीपुढे त्या शब्दाचे काम लिहावे: लक्ष वेधणे, विनंती मऊ करणे, समजूत घालणे, माफी मागणे, काही लपवणे, टोमणा मारणे, किंवा नुसती सवय. ‘नुसती सवय’ असे ज्या नोंदींपुढे लिहिले जाईल, त्यांतील बऱ्याच नोंदी मराठीत नाहीशा झाल्या तरी चालतील, किंबहुना व्हाव्यातच. मराठी बायको दिवसातून दहा वेळा ‘राजा’ म्हणू लागली तर ऐकणाऱ्याला तिच्या प्रेमाविषयी खात्री वाटण्याऐवजी शंका येते. जिथे शब्दाने काही केले आहे, म्हणजे समजूत घातली आहे किंवा टोमणा मारला आहे, तिथे मात्र त्याला हात लावण्यापूर्वी विचार करावा.

‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘अहो’ यांचा निर्णय

इंग्रजीत हा प्रश्नच नसतो, त्यामुळे मूळ मजकुरात त्याचे उत्तरही सापडत नाही. ते अनुवादकाला स्वतः ठरवावे लागते, आणि हा निर्णय सर्वांत आधी पक्का व्हावा लागतो, कारण ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या बायकोच्या तोंडी ‘वेड्या’ हा शब्द शोभत नाही आणि ‘अरे’ म्हणणाऱ्या बायकोच्या तोंडी ‘ऐकलंत का’ येत नाही.

आपल्याकडे मागच्या पिढीत बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. ते घ्यायचे झाले तर उखाण्यात घ्यायचे, एरवी ‘अहो’ किंवा तिसऱ्या माणसाजवळ ‘आमचे हे’. नवराही चारचौघांत मुलाच्या नावाने ‘अमक्याची आई’ अशी हाक मारत असे. खेड्यात ‘धनी’, ‘कारभारी’ हे शब्द होते. या सगळ्यात प्रेम नव्हते असे समजणे चूक आहे, कारण ‘अहो’ या एका शब्दात काळजी, राग, लाड आणि थट्टा असे सारे काही स्वराने भरता येते. आज नाशिकमध्ये कॉलेज रोडला किंवा इंदिरानगरला राहणारी तिशीतली जोडपी एकमेकांना सर्रास नावाने आणि ‘अरे’, ‘अगं’ म्हणून हाक मारतात. त्यांतही सासू-सासरे घरात असले की ‘अहो’ आणि दोघेच असले की ‘अरे’ असा बदल करणाऱ्या अनेक जणी आहेत. हा बदल मराठी लेखकाला फुकट मिळालेले साधन आहे, आणि इंग्रजीतून अनुवाद करतानाही तो कधी कधी कामी येतो.

तरीही परदेशी पात्रांच्या तोंडी ‘अहो’ घालताना दहा वेळा थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे. लंडनमधील पात्राने नवऱ्याला ‘अहो’ म्हटले की वाचक तिच्या डोक्यावर पदर पाहतो. शिवाय ‘अहो’ एका बाजूचे असते. बायको ‘अहो’ म्हणते आणि नवरा ‘अगं’ म्हणतो, म्हणजे मूळ कथेत समान असलेल्या दोन माणसांत आपण उंच-सखलपणा आणतो. म्हणून भाषांतर असेल, म्हणजे पात्रे आणि गाव परदेशीच राहणार असतील, तर दोघांनाही ‘तू’ द्यावे. रूपांतर असेल, म्हणजे कथा उचलून मराठी घरात आणायची असेल, तर मात्र वय, काळ आणि घर पाहून ‘अहो’चा विचार करावा. हे दोन मार्ग एकाच मजकुरात मिसळले की हाका हमखास विचित्र वाटू लागतात.

माया कुठे ठेवायची

सर्वनाम ठरले की प्रत्येक महत्त्वाच्या हाकेसाठी चार ठिकाणी क्रमाने शोध घ्यावा आणि जिथे काम भागेल तिथेच थांबावे.

पहिले ठिकाण म्हणजे वाक्यातील लहान शब्द. ‘इकडे ये’ ही आज्ञा आहे, ‘इकडे ये ना’ ही विनंती आहे, ‘इकडे ये ना गं’ या वाक्यात हात पुढे झालेला दिसतो. ‘रडू नको’ आणि ‘रडू नको रे’ यांतील अंतर इंग्रजीत ‘स्वीटहार्ट’ने भरून काढावे लागले असते. ‘बघ’, ‘हं’, ‘बरं का’, ‘की’ हेही याच जातीचे शब्द आहेत. ‘जेवून घे हं’ म्हणणारा माणूस आपला असतो. इंग्रजीतील सवयीच्या आणि मऊपणा आणणाऱ्या हाकांपैकी बहुतांश हाका इथेच मार्गी लागतात.

या लहान शब्दांना लिंग असते हे विसरू नये. ‘रे’ पुरुषाला, ‘गं’ स्त्रीला आणि ‘हो’ आदराने दोघांनाही. मूळ इंग्रजीत ऐकणाऱ्याचे लिंग लेखकाने मुद्दाम लपवले असेल, तर ‘रे’ किंवा ‘गं’ लिहिताच ते उघडे पडते. अशा वेळी ‘ना’, ‘बघ’, ‘हं’ यांवरच भागवावे आणि भूतकाळी क्रियापदांतही ‘गेलास’ आणि ‘गेलीस’ यांच्यापासून वाक्य दूर ठेवावे.

दुसरे ठिकाण म्हणजे नाव. आपण नावे तोडतो आणि त्या तोडण्यात पायऱ्या आहेत. राजेंद्रचा राजू, नीलिमाची नीलू, माधुरीची मधू, हे ‘ऊ’कारान्त रूप घरातले आणि निर्धोक असते. संतोषचा संत्या, गणेशचा गण्या, सुनीलचा सुन्या, तसेच सुनीताची सुनी आणि मंगलची मंगी ही रूपे मित्रमंडळींची असतात, आणि त्यांचे मोल कोण उच्चारतो यावर ठरते. शाळेपासूनचा मित्र ‘गण्या’ म्हणतो तेव्हा ती जवळीक असते, आणि कालच ओळख झालेला माणूस तेच म्हणतो तेव्हा तो अपमान असतो. परदेशी नावांना हा प्रत्यय लावू नये. जॉर्जचा ‘जॉर्ज्या’ केला की पात्र एका क्षणात परके न राहता बनावट होते. मूळचेच लघुरूप ठेवावे, मात्र वाचकाला ते नाव ओळखता येते की नाही ते पाहावे. मार्गारेटला ‘पेगी’ म्हणतात किंवा रॉबर्टला ‘बॉब’ म्हणतात हे सर्वांना ठाऊक नसते, आणि ‘पेगी’ ही तिसरीच बाई आहे असा समज होऊ शकतो. रशियन कथांत ही अडचण फार मोठी असते, कारण तिथे मारियाची माशा होते, माशाची माशेन्का होते, आणि साशा हे अलेक्सांद्र या पुरुषाचेही आणि अलेक्सांद्रा या स्त्रीचेही लाडाचे नाव असते. एका पात्राची दोन रूपे निवडावीत, एक व्यवहाराचे आणि एक जवळचे. लाडाचे रूप प्रथम येईल तिथे ‘घरात सारे तिला माशा म्हणत’ असे एखादे वाक्य कथनातच सहज घालून द्यावे.

तिसरे ठिकाण म्हणजे लटका राग, आणि मराठीतला खरा खजिना इथे आहे असे मला वाटते. आपल्याकडे फार जवळचे माणूस गोड शब्दांनी क्वचितच बोलते. ‘वेडे’, ‘वेडाबाई’, ‘खुळ्या’, ‘लबाडा’, ‘माकडा’, ‘शहाणी आहेस’, ‘ठमाबाई’ हे शब्द जिथे बोलले जातात, तिथे नाते पक्के आहे हे वाचकाला सांगावे लागत नाही. ‘आय मिस्ड यू, स्वीटहार्ट’ यासाठी ‘प्रिये, मला तुझी आठवण आली’ हे वाक्य निर्जीव आहे. ‘वेडे, किती आठवण आली तुझी’ या वाक्यात माणूस आहे. इथे मूळचा गोड शब्द जाऊन चक्क दोष दाखवणारा शब्द आला, तरी कामात काहीही फरक पडलेला नाही. मर्यादा एवढीच की असा शब्द नाते जुळल्यानंतरच यावा. पहिल्या भेटीतल्या पात्रांनी तो वापरला तर उद्धटपणा वाटतो. आणि रंग, व्यंग किंवा जात यांच्यावर बोट ठेवणारे शब्द, ते कितीही प्रेमाने बोलले जात असले तरी, मूळात तसा शब्द नसताना आपल्या पदरचे घालू नयेत.

चौथे आणि शेवटचे ठिकाण म्हणजे लाडाचे नाम: राजा, राणी, सोन्या, बाळा, पिल्लू, शोना. यांचा उपयोग मोजकाच करावा, कारण यांतील जवळजवळ प्रत्येक शब्द एकाहून अधिक नात्यांत वापरला जातो. आई मुलाला ‘राजा’ म्हणते आणि बायको नवऱ्यालाही म्हणते. बाप मुलीला ‘राणी’ म्हणतो आणि नवरा बायकोलाही म्हणतो. ‘बाळा’ शिक्षक विद्यार्थ्यालाही म्हणतात, आणि आजकालची तरुण जोडपी एकमेकांनाही म्हणतात. प्रसंगाच्या पहिल्याच ओळीत ‘सोन्या’ आला आणि बोलणारी व्यक्ती कोण हे अजून कळलेले नसेल, तर वाचक आई-मुलाचे चित्र रंगवून मोकळा होतो. म्हणून असे नाम वापरायचे असेल तर नाते आधी उभे करावे आणि मग हाक मारावी. ‘पिल्लू’, ‘शोना’ आणि ‘बेबी’ विशी-पंचविशीतल्या पात्रांना शोभतात. साठीच्या नवऱ्याच्या तोंडी ते आले की त्याला कोणीतरी शिकवले आहे असे वाटते.

प्राण्यांवरून, खाण्यावरून किंवा अशाच गोष्टींवरून आलेल्या लाडक्या नावांविषयी थोडक्यात सांगतो. फ्रेंच माणूस प्रेमाने ‘माझी कोबी’ किंवा ‘माझी पिसू’ म्हणतो, जर्मन माणूस ‘उंदीर’ किंवा ‘ठेवा’ म्हणतो, स्पॅनिश माणूस ‘जाड्या’ म्हणतो. यांचे शब्दशः मराठी करू नये, कारण आपल्याकडे उंदीर म्हटले की चोरटेपणा आठवतो आणि पिसू म्हटली की अंगाला खाज सुटते. त्या जागी ‘माऊ’, ‘चिऊ’, ‘ढब्बू’ यांसारखे आपल्याकडचे नाव घ्यावे. अपवाद एकच आहे. पुढे कथेत त्या प्राण्यावर किंवा भाजीवर काही घडणार असेल, तर मूळची प्रतिमा राखावी लागते, आणि मग ‘तो तिला लाडाने उंदीर म्हणे’ असे कथनातून एकदा सांगून टाकणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

एक प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत

या उदाहरणासाठी मी एक छोटा प्रसंग रचला आहे. साठी ओलांडलेले हॅरल्ड आणि जोन सकाळी स्वयंपाकघरात आहेत. तो विचारतो, ‘डार्लिंग, माझा चष्मा पाहिलास का?’ ती म्हणते, ‘तुझ्या डोक्यावर आहे, लव्ह.’ थोड्या वेळाने तो म्हणतो, ‘हॉस्पिटलमधून फोन आला होता, डार्लिंग.’ ती विचारते, ‘मग?’ तो म्हणतो, ‘गुरुवारी परत बोलावलंय, डार्लिंग. काही नसेल तसं.’ आणि ती म्हणते, ‘मला डार्लिंग-डार्लिंग करू नकोस, हॅरल्ड. काय म्हणाले ते सांग.’

आता वही पाहावी. पहिला ‘डार्लिंग’ सवयीचा आहे. ‘लव्ह’ही सवयीचा आहे, त्यात थोडी थट्टा आहे. दुसरा आणि तिसरा ‘डार्लिंग’ मात्र काही लपवण्यासाठी आले आहेत, आणि शेवटच्या ओळीत जोन नेमका तोच शब्द पकडून त्याच्यावर उलटवते. म्हणजे अनुवाद शेवटच्या ओळीपासून सुरू करावा लागेल. तिला उलटवता येईल असे काहीतरी आधीच्या दोन ओळींत असायलाच हवे. सवयीचे शब्द गाळायचे म्हणून सगळे ‘डार्लिंग’ गाळले, तर तिच्या तोंडची शेवटची ओळ अधांतरी राहते.

‘राणी’ घेऊन पाहू. ‘मला राणी-राणी करू नकोस’ हे मराठी म्हणून ठीक आहे. परंतु त्याआधीच्या ओळीत ‘हॉस्पिटलमधून फोन आला होता, राणी’ असे म्हणणारा साठीचा माणूस नाटकी वाटतो. वाईट बातमी हळूच पुढे सरकवणारा मराठी माणूस प्रत्यक्षात काय म्हणतो, असा प्रश्न केला की उत्तर कानाशीच असते. तो म्हणतो, ‘ऐक ना.’ या दोन शब्दांत मायाही आहे आणि लपवाछपवीही आहे, आणि बायकोला ते उलटवताही येतात. मग प्रसंग असा होतो:

‘अगं, माझा चष्मा पाहिलास का?’
‘डोक्यावर आहे बघ.’
‘ऐक ना. हॉस्पिटलमधून फोन आला होता.’
‘मग?’
‘गुरुवारी परत बोलावलंय. ऐक ना गं, काही नसेल तसं.’
‘ते ऐक ना, ऐक ना राहू दे, हॅरल्ड. काय म्हणाले ते सांग.’

पहिल्या ‘डार्लिंग’चे काम ‘अगं’ने केले, ‘लव्ह’चे काम ‘बघ’ने केले, आणि मूळच्या महत्त्वाच्या शब्दाचे काम अशा शब्दांनी केले जे कुठल्याही शब्दकोशात त्याच्यासमोर सापडणार नाहीत. दुसऱ्या ‘ऐक ना’ला जोडलेला ‘गं’ही मुद्दाम आहे, कारण तोवर त्याची भीती वाढलेली आहे.

हाच प्रसंग रूपांतर म्हणून पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्यात आणायचा झाला, तर एक नवी अडचण उभी राहते. इंग्रजीत जोनने शेवटी नवऱ्याचे पूर्ण नाव घेतले, त्यातून तिचा राग आणि भीती कळते. साठीची मराठी बायको नवऱ्याचे नाव घेणार नाही. ती आधीच्या ओळीत ‘डोक्यावर आहे बघा’ आणि ‘मग हो?’ म्हणेल, म्हणजे तिच्या प्रत्येक वाक्यात ‘हो’ची किंवा ‘बघा’ची मऊ कड राहील. शेवटच्या ओळीत ती कड काढून घ्यावी: ‘ते ऐक ना, ऐक ना राहू द्या. काय म्हणाले ते सांगा.’ नाव नाही, ‘अहो’ नाही, ‘हो’ नाही. मराठी वाचकाला हा कोरडेपणा ताबडतोब ऐकू येतो.

राग आणि टोमणा

इंग्रजीत भांडताना ‘माय डिअर’ म्हणतात तेव्हा तो शब्द थंड असतो. मराठीत असा थंडपणा गोड शब्दाने येत नाही, तो आदराने येतो. एरवी ‘तू’ म्हणणारा नवरा ‘आपण कधी आलात?’ म्हणाला, किंवा बायको ‘या महाराज’ म्हणाली, की वाद सुरू झाला हे शेजाऱ्यांनाही कळते. ‘बाईसाहेब’, ‘राणीसरकार’, ‘राजे’ हे शब्द याच कामाचे आहेत. त्यामुळे टोमण्यातल्या ‘डिअर’चा अनुवाद लाडाच्या शब्दांत शोधू नये, तर सर्वनाम एक पायरी वर चढवून पाहावे.

मित्रांच्या हाका

मित्रांमध्ये सर्वांत धोक्याचा शब्द ‘मित्रा’ हा आहे. तो बरोबर दिसतो, व्याकरणातही बरोबर आहे, पण भाषणात, कवितेत किंवा अनोळखी माणसाला समज देताना तो वापरला जातो. दोन जिवलग मित्र एकमेकांना ‘मित्रा’ म्हणत नाहीत. ‘बडी’, ‘मेट’, ‘ड्यूड’ यांच्यासाठी ‘लेका’, ‘गड्या’, ‘राव’, ‘यार’, ‘भावा’, ‘शेठ’ असे कितीतरी शब्द आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाला वय आणि मुलूख आहे. ‘गड्या’ आज जुना आणि गावाकडचा वाटतो. ‘लेका’ पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांत अजून जिवंत आहे. ‘भावा’ तरुणांचा आहे. नाशिकमध्ये कान उघडे ठेवले तर या सगळ्यांचे मिश्रण ऐकू येते, कारण खानदेशाकडून आलेला मित्र ‘काय भो’ म्हणतो आणि त्याच टेबलावर मिसळ खाणारा दुसरा ‘काय राव’ म्हणतो. परदेशी पात्रांना मात्र मुलुखाचा ठसा असलेला शब्द देऊ नये. मँचेस्टरचा मजूर ‘भो’ म्हणाला तर त्याचे मँचेस्टर पुसले जाते. ‘यार’, ‘लेका’ आणि ‘अरे’ एवढ्यांवर बहुतेक पुरुष मित्रांचे भागते.

मैत्रिणींच्या बाबतीत ‘सखे’ किंवा ‘सये’ टाळावे, कारण ते ओवीतले आणि गाण्यातले शब्द आहेत. ‘अगं ए’, ‘बाई’, ‘बये’, ‘माझे आई’ ही रोजची रूपे आहेत. ‘ऐक बाई माझं’ यात जी जवळीक आहे, ती ‘प्रिय सखी’ने कधीही येणार नाही.

तपासणी

कच्चा मसुदा डोळ्यांनी तपासू नये, कानांनी तपासावा. दोन माणसांना संवाद मोठ्याने वाचायला द्यावा आणि पात्रांची नावे झाकून ठेवावीत. ऐकणाऱ्या तिसऱ्या माणसाला तीनच प्रश्न विचारावेत: ही दोघे एकमेकांची कोण लागतात, त्यांची वये काय असतील, आणि कोण कोणावर रागावले आहे. ‘आई आणि मुलगा’ असे उत्तर आले तर लाडाचे नाम चुकले आहे. ‘जुन्या काळातले दिसतात’ असे उत्तर आले तर सर्वनाम किंवा ‘अहो’ चुकले आहे. वाचणारा एखाद्या हाकेपाशी अडखळला किंवा हसला, तर ती हाक काढून वाक्य पुन्हा वाचून घ्यावे. काढल्याने काही गेले नाही तर ती परत घालू नये. काही गेले असे वाटले, तर ते कोणत्या लहान शब्दाने परत येते ते पाहावे.

कान तयार करण्यासाठी दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक म्हणजे जुने अनुवाद आणि जुनी नाटके वाचणे. नाशिकमध्ये 1840 साली सुरू झालेले सार्वजनिक वाचनालय आहे, आणि अशा जुन्या संग्रहात वेगवेगळ्या दशकांतली पुस्तके शेजारी ठेवून वाचली, की ‘प्राणनाथ’पासून ‘अरे’पर्यंत नवऱ्याची हाक कशी बदलत गेली हे दिसते. त्यामुळे 1920 सालच्या पात्राला आजचा शब्द देण्याची चूक टळते. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष ऐकणे. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जोडपी भाजी घेताना कशी बोलतात ते ऐकावे. तिथे लाडाचे नाम जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि तरीही कोणते जोडपे एकमेकांशी मायेने वागते आहे हे दहा पावलांवरून कळते. ‘थोडं हातात दे की’ हे वाक्य ऐकले की पुढचे सांगावे लागत नाही.

शेवटची खबरदारी मुद्रितशोधनाची आहे. संवादातील क्रियापदे बोलीतल्या रूपात, म्हणजे ‘पाहिलंस’, ‘बोलावलंय’, ‘कळलं’ अशीच राहावीत. कथनाशी एकरूपता आणण्याच्या भरात कोणी त्यांचे ‘पाहिलेस’, ‘बोलावले आहे’, ‘कळले’ असे केले, तर शेजारी कितीही योग्य हाक असली तरी वाक्य गार पडते. तसेच ‘गं’वरचा अनुस्वार गळून ‘ग’ उरतो, आणि ‘ये ना रे’ मधील ‘रे’ अनावश्यक म्हणून खोडला जातो. म्हणून मसुद्यासोबत शोधकासाठी एक चिठ्ठी द्यावी, तिच्यात संवादांतील ‘ना, रे, गं, हो, बघ, हं’ यांना हात लावू नये असे स्पष्ट लिहावे, आणि छपाईपूर्वीचे प्रूफ हाती आले की संबोधनांची वही समोर ठेवून प्रत्येक नोंद पुन्हा एकदा ताडून पाहावी.